दुपारच्या डब्यातली पोळी आणि भाजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. पहाटे पावणेपाचला चूल पेटते, कारण घरातून दोन डबे निघतात. एक सातला वावरात जातो, दुसरा पावणेआठच्या एस.टी.ने मुलीसोबत तालुक्याच्या शाळेत. दोन्ही उघडतात दुपारी बारा ते एकच्या दरम्यान. म्हणजे अन्न शिजल्यापासून खाईपर्यंत सहा-सात तास जातात, आणि त्यातले निम्मे तास उन्हाचे. गावातल्या सुना, शाळेतल्या मुलींच्या आया आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया जे जे विचारत आल्या, ते इथं लिहिते आहे.

पोळ्या सकाळी लोण्यासारख्या असतात. दुपारी वरच्या वातड आणि खालच्या ओल्या काहून होतात?

वाफेमुळं. गरम पोळीतून वाफ निघतच असते. तव्यावरून उतरवलेली पोळी थेट डब्यात टाकून झाकण लावलं, की ती वाफ वर जाऊन झाकणाला लागते, झाकण थंड असल्यानं तिचं पाणी होतं आणि ते थेंब परत पोळ्यांवर पडतात किंवा कडेनं ओघळून तळाशी जातात. तळच्या दोन पोळ्या भिजतात आणि चिकटतात. मधल्या बऱ्या राहतात.

वातड होण्याचं कारण वेगळं आहे. शिजलेल्या पिठातला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट होत जातो, म्हणून पोळीत पाणी असूनही ती कडक लागते. त्यात तिचं पाणी उडून गेलं तर ती पापडच होते. म्हणजे आपल्याला दोन उलट गोष्टी साधायच्या आहेत. सुरुवातीची जोराची वाफ बाहेर जाऊ द्यायची आणि उरलेला ओलावा मात्र आत धरून ठेवायचा.

सासूबाई एवढंच म्हणायच्या, "वाफ जाऊ दे बाई, मंग झाक." लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला ते घाई करू नको असं सांगणं वाटायचं. पुढं कळलं की अख्खा डबा त्या एका वाक्यावर उभा आहे.

मग वाफ किती वेळ जाऊ द्यायची?

पोळी तव्यावरून उतरली की आधी बांबूच्या दुरडीत किंवा जाळीवर टाका. थाळीत टाकू नका, थाळीत खालून घाम येतो. अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट. पुढची पोळी भाजून होईपर्यंत आधीची तेवढा वेळ उघडी राहतेच. मग ती फडक्यात सरकवा आणि फडकं वरून नुसतं टाकून ठेवा. सगळ्या पोळ्या झाल्या की फडकं नीट दुमडून पुरचुंडी करा आणि ती डब्यात ठेवा. झाकण मात्र आणखी आठ-दहा मिनिटांनी लावा.

बरोबर जमलं की नाही हे ओळखायची एक खूण आहे. झाकण लावल्यावर दहा मिनिटांनी ते एकदा उचला आणि आतल्या बाजूला बोट फिरवा. बोट ओलं झालं तर डबा लवकर बंद केला. झाकण पुसा, पाच मिनिटं उघडं ठेवा, पुन्हा लावा. कोरडं असेल तर सोडून द्या. उलट चूकही होते: कोणी पोळ्या अर्धा तास पंख्याखाली उघड्या ठेवते, मग त्या कडेनं तडकतात. हात लावल्यावर कोमट लागली पण वाफ दिसत नाही, अशा वेळेला झाकण लावायचं.

फडकं कोणतं? ॲल्युमिनियमची फॉईल चालत नाही का?

जुनं, पुष्कळदा धुतलेलं सुती फडकं. जुन्या धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला. ते वाफ पिऊन घेतं, तिचा थेंब होऊ देत नाही, आणि पोळी सुकायला लागली की तोच ओलावा तिच्याभोवती राहतो. नवं, खळ असलेलं कापड पाणी पीत नाही. टेरिकॉट तर नकोच. दोन-तीन फडकी ठेवा. रोज साबणानं धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच वापरा, कारण दमट फडक्याचा वास सगळ्यात आधी पोळीला लागतो.

फॉईल पाणी पीत नाही, त्यामुळं गरम पोळी तिच्यात घामेजते. वापरायचीच असेल तर आत फडकं किंवा कोरा कागद आणि वरून फॉईल अशी वापरा. वर्तमानपत्रात मात्र पोळी कधीच गुंडाळू नका. छपाईची शाई तेलकट, गरम अन्नात उतरते, आणि 2018 च्या अन्न पॅकेजिंगच्या सरकारी नियमांतही वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे. आमच्या बाजारात भजी अजून तशीच मिळतात, पण घरच्या डब्याला तरी ही सवय नको.

कणीक कशी भिजवली म्हणजे पोळी दुपारपर्यंत मऊ राहते?

पोळीत मुळात पाणी पुरेसं हवं, नाहीतर पुढं कितीही फडकी गुंडाळा. घट्ट कणकेची पोळी लाटायला सोपी जाते, फुगतेही छान, पण दोन तासांत वातड होते. डब्याची कणीक रोजच्यापेक्षा थोडी सैल ठेवा. आमच्या गावच्या गिरणीत दळलेल्या लोकवन गव्हाच्या अर्धा किलो कणकेला मला साधारण 325 ते 350 मिली पाणी लागतं. तुमचं पीठ बारीक की जाडसर, गहू कोणता, यावर ते थोडं कमी-जास्त होईल. बोट दाबलं की खळगा पडावा आणि हळूहळू अर्धा भरून यावा, इतकी सैल.

भिजवल्यावर तेलाचा हात लावून झाकून 20 ते 30 मिनिटं ठेवा. या वेळात कोंडा पाणी पितो. चक्कीच्या पिठात कोंडा असतोच, आणि लगेच लाटलं तर तोच कोंडा नंतर पोळीतलं पाणी ओढून घेतो. मला पहाटे एवढा वेळ मिळतो तो असा: उठल्याबरोबर आधी कणीक, मग चहा, मग भाजी चिरणं, आणि पोळ्या सगळ्यात शेवटी.

लाटताना घडीला तेल लावा. पदरांमधलं तेल पोळीला कोरडी पडू देत नाही. वरून पीठ कमी लावा, कारण ते कोरडं पीठ नंतर ओलावा खातं.

तवा कसा ठेवायचा?

चांगला तापलेला. मंद तव्यावर पोळी भाजत नाही, वाळते. जास्त वेळ तव्यावर राहते आणि तेवढं पाणी उडून जातं. दोन्ही बाजू मिळून साधारण दीड मिनिटात पोळी उतरली पाहिजे. चुलीवर करत असाल तर पहिल्या पोळीआधी पाण्याचे दोन थेंब तव्यावर टाका. ते लगेच नाचून उडाले तर तवा तयार.

ज्वारीची भाकर डब्यात नेता येते का?

नेता येते, पण तिच्याकडून पोळीइतकी अपेक्षा ठेवू नका. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. उकळतं पाणी घालून पीठ मळलं की तो थोडा येतो, म्हणून डब्याच्या भाकरीला पाणी उकळतंच हवं. पीठ ताजं हवं. महिनाभर पडलेल्या पिठाची विरी जाते आणि भाकर थापतानाच तुटते. पातळ थापा, वाफ जाऊ द्या, स्वतंत्र फडक्यात ठेवा. पोळी आणि भाकर एकत्र बांधली तर दोन्ही बिघडतात. वावरात जाणाऱ्यांना दुपारची थोडी कडक भाकर ठेच्यासोबत चालते, मुलांना चालत नाही.

भाजीला पाणी सुटतं. मीठ शेवटी घालायचं की आधी?

या प्रश्नावर गावात दोन तट आहेत. मला वाटतं दोघंही अर्धे बरोबर आहेत, कारण उत्तर भाजीवर आहे.

मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. ते पाणी कढईत सुटलं तर आटवता येतं, डब्यात सुटलं तर तसंच राहतं. म्हणून पत्तागोबी, दोडका, दुधी, कोहळं अशा पाणीदार भाज्यांना मीठ आधी घाला, पाणी कढईतच सोडू द्या आणि झाकण काढून ते आटवा. भेंडीला मात्र मीठ शेवटी, नाहीतर ती तार धरते. भेंडी धुऊन पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरा.

बहुतेक घरी पाणी राहतं ते झाकणामुळं. भाजी झाकून शिजवली, शिजली, आणि तशीच डब्यात भरली. शेवटची पाच मिनिटं झाकण काढून, आच वाढवून, सराट्यानं हलवत परतायलाच हवी. मग कढई तिरपी करा आणि भाजी वरच्या बाजूला सारा. मिनिटभरात खालच्या कडेला पाणी जमलं तर भाजी अजून डब्याची झाली नाही. नुसतं तेल दिसलं तर झाली.

रोजची एक सकाळ नीट सांगा ना.

ही गेल्या ऑक्टोबरमधली, कापूस वेचणी सुरू असतानाची. भाजी होती गवारीच्या शेंगांची.

शेंगा, पाव किलो, रात्रीच निवडल्या आणि अख्ख्या धुऊन सुती कापडावर पसरून ठेवल्या. तोडून मग धुतल्या तर तुटलेल्या टोकांतून पाणी आत जातं. 4:50 ला कणीक भिजवली, 200 ग्रॅम पिठाच्या सहा पोळ्या. 5:05 ला शेंगा तोडून कढईत घातल्या: तीन चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हळद, तिखट. मीठ लगेच. झाकण म्हणून थाळी ठेवली आणि थाळीत थोडं पाणी. शेंगा नरम व्हायला बारा मिनिटं लागली. पाणी आत ओतलं नाही, थाळीखालून पडणाऱ्या वाफेच्या थेंबांवर त्या शिजल्या. मग थाळी काढली आणि सहा मिनिटं परतलं. शेवटी तीन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. कूट उरलंसुरलं पाणी पितो आणि भाजी सुटी राहते.

सांभार, म्हणजे कोथिंबीर, मी त्या दिवशी वरून पेरला नाही. कच्चा सांभार धुतलेला असतो, ओला असतो, आणि डब्यात सगळ्यात आधी काळा पडतो तो तोच. हवाच असेल तर तेलात लसणासोबत परता.

5:30 ला भाजी पसरट थाळीत काढून ठेवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. 5:55 ला पोळ्या फडक्यात. तोवर थाळीतली भाजी कोमट झाली होती, ती 6:05 ला छोट्या स्टीलच्या डब्यात भरली. भाजीचा डबा वेगळा, पोळ्यांचा वेगळा. 6:15 ला दोन्ही झाकणं लावली, 6:25 ला उघडून बोट फिरवलं. कोरडी. दुपारी साडेबाराला धुऱ्यावरच्या बाभळीखाली उघडलं, तेव्हा सगळ्यात वरची पोळी घडी मोडली तरी तडकली नाही आणि भाजीच्या डब्याच्या तळाशी बोटाला फक्त तेल लागलं.

भाजी आंबते कशानं? आमची तर दिवाळीतही आंबली.

शिजवताना बहुतेक जंतू मरतात. काही मात्र बीजासारखे टिकून राहतात, आणि बाकीचे नंतर हातातून, पळीतून, ओल्या डब्यातून येतात. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात ते वाढतात. मनासारखी परिस्थिती मिळाली तर काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. कोमट आणि ओली भाजी ही त्यांच्यासाठी उत्तम जागा. अन्न सुरक्षेचा सर्वसाधारण नियम असा की शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि 32 अंशांच्या वर उष्णता असेल तर एक तासच. आपल्याकडं डबा सहा तास राहतो. म्हणून डब्यात काय भरतो, याचा विचार आधी. कोरडं, तेलात नीट परतलेलं, आंबट आणि मिठाचं अन्न टिकतं. ओलं, दुधाचं, नारळाचं टिकत नाही.

माझी एक चूक सांगते. मार्चमधली गोष्ट. उशीर झाला म्हणून बटाट्याची रस्सा भाजी उकळती डब्यात ओतली, वर ओलं खोबरं घातलं आणि झाकण दाबलं. डबा गाडीच्या डिक्कीत गेला आणि गाडी दुपारपर्यंत उन्हात उभी. साडेबाराला झाकण काढलं तर वर बारीक बुडबुडे, आणि बटाटा बोटानं उचलला तर खाली तार लोंबली. ह्यांनी ते जेवण बांधाच्या खड्ड्यात पुरलं आणि कांदा-भाकर मागून खाल्ली. त्या दिवसापासून ओलं खोबरं, टोमॅटोचा रस्सा, दह्याची कढी, पनीर, उकडलेल्या अंड्याचा रस्सा, यातलं काहीही होळीनंतर आमच्या डब्यात जात नाही.

एप्रिल-मे मध्ये मग द्यायचं काय?

आमच्याकडं 45 अंशांच्या वर पारा जातो, तेव्हा मी ठरलेल्या गोष्टीच करते. कोरडं बेसन, म्हणजे चांगलं परतून सुटं झालेलं. जवसाची किंवा कऱ्हळाची चटणी. ठेचा, तोही तेलात परतलेला, कच्चा नाही. गवार, बरबटीच्या शेंगा, वांगं परतलेलं. लोणच्याची फोड. कांदा अख्खा, चिरून नाही.

आणखी एक, जे भाजीपेक्षा महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात डबा साडेबाराऐवजी साडेदहाला खा. वावरातलं काम तसंही सकाळी लवकर सुरू होतं आणि अकराला थांबतं. जुन्या बाया शिदोरी दहाच्या सुमाराला सोडायच्या. शाळाही उन्हाळ्यात सकाळची होते, तेव्हा मुलीला मी पोळीचा रोल न देता पोळी आणि चटणी देते.

वावरात डबा ठेवायचा कुठं?

सावलीत, पण सावली सरकते हे लक्षात ठेवून. सकाळी आठला झाडाच्या पश्चिमेला ठेवलेला डबा दुपारी उन्हात येतो. फांदीला टांगला तर मुंग्याही लागत नाहीत आणि हवा खेळते. कोरड्या उन्हाळ्यात डब्याभोवती ओलं सुती कापड किंवा ओलं बारदान गुंडाळा आणि ते वाळलं की पुन्हा शिंपडा. पाणी उडताना डबा थंड राहतो. झाकण मात्र घट्ट हवं. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, दमट हवेत पाणी उडत नाही, उलट सगळं ओलं होतं. डिक्की, ट्रॅक्टरचा बॉनेट आणि पत्र्याच्या कोठ्याची फळी, या तीन जागा टाळा.

गरम ठेवणारा डबा घ्यावा का?

डाळ, वरण, रस्सा यांच्यासाठी घ्या. आत आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ते ओतून टाका आणि मग अन्न उकळतं असतानाच भरा. दुपारी झाकण काढल्यावर वाफ निघाली पाहिजे. हात भाजण्याइतकं गरम राहिलं तर अन्न चांगलं. साधे प्लॅस्टिकचे "हॉट" डबे मात्र तीन-चार तासांत कोमट होतात, आणि सहा तास कोमट राहणं अन्नासाठी सगळ्यात वाईट. पोळ्या अशा डब्यात घालूच नका, घामेजतात.

वास येत नाही, पण थोडी शंका आहे. खावं का?

नको. बुडबुडे, तार, आंबट वास, झाकण उघडताना फस्स आवाज, ही बिघडल्याची खूण आहे. पण खूण नसणं म्हणजे अन्न चांगलं, असं मात्र नाही. हातावरच्या जंतूंचं आणि भातातल्या जंतूंचं विष वास न देताही असतं आणि ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून उरलेला भात आणि खिचडी मी डब्यात देत नाही. शंका आली की गुरांनाही घालू नका, पुरा.

स्टीलच्या डब्याला रोजच आंबूस वास येतो.

झाकणाची रबरी रिंग काढून बघा. वास तिथंच असतो. रिंग रोज काढून साबणानं घासा, खाचेतही ब्रश फिरवा आणि डबा, झाकण, रिंग सगळं सुटं उन्हात ठेवा. रात्री झाकण लावून ठेवू नका. रिंग चिकट किंवा तडकलेली झाली असेल तर दहा-वीस रुपयांत नवी घ्या. आणि डबा भरायच्या आधी आतून कोरड्या कापडानं पुसा, कारण तळाशी राहिलेले चार थेंब शेवटी पोळीच पिते.

माझ्या हाताला चिरा पडल्या आहेत, त्यामुळं काही होतं का?

होतं. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात, आणि अशा जखमांतले जंतू अन्नात जाऊन तेच न जाणारं विष तयार करतात. मळलेली कणीक आगीवर भाजली जाते, पण भाजलेल्या पोळ्या रचताना हात लागतो तो थेट. त्या दिवसांत पोळ्या चिमट्यानं किंवा सराट्यानं रचा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाला रचायला सांगा. माझी मुलगी वेचणीच्या महिन्यात रोज सकाळी तेवढंच काम करते आणि मग स्वतःचा डबा घेऊन एस.टी. गाठते.